गट कळला, पाण्याचं काय?

इंदापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचा 'निवडणूकपूर्व आढावा' या आठवड्यात एका दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचला. गाव, सत्ताधारी गट, विरोधी गट असे तीन रकाने, की झाला आढावा. असं पान तयार करायला गावात जावं लागत नाही. नेत्याच्या माणसाला फोन केला की यादी येते, आणि पाठोपाठ वाढदिवसाची जाहिरातही.   

ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढली जात नाही. पॅनेलं उभी राहतात आणि कपबशी, छत्रीवर मतं मागतात. इंदापुरात तर 2023 साली गंमतच होती. आमदार दत्तात्रय भरणे अजित पवारांबरोबर आणि हर्षवर्धन पाटील भाजपात, म्हणजे दोघेही राज्यात सत्तेच्या एकाच बाजूला. गावात मात्र त्यांचे कार्यकर्ते एकमेकांसमोर. मग 'महायुतीची सरशी' या मथळ्याला अर्थ काय? आता सरपंच थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असंही होतं. तेव्हा ग्रामपंचायत कोणाच्या खात्यात मांडायची?

आता याच तालुक्याच्या दोन टोकांची गावं शेजारी ठेवून बघा. उजनीच्या काठावर कळाशी. 21 मे 2024 ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. या काठावर पाणी दारात आहे, पण ते पुणे-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन आलेलं. इथले प्रश्न बोटीचे, धक्क्याचे आणि पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचे. दुसरं टोक नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाचं. तिथे आवर्तन सुटल्याचं पेपरात वाचायचं आणि वरच्या गावांची तहान भागेपर्यंत वाट बघायची. दोन्हीकडे एकाच नेत्याचं पॅनेल निवडून आलं, तर तक्त्यात ती गावं सारखीच दिसतात.

पण इथे वार्ताहराने आणखी एक गाळणी लावायला हवी. आवर्तन जलसंपदा विभाग सोडतो, सरपंच नाही. 'कालव्याचं पाणी आणणारच' असं छापणाऱ्या पॅनेलला विचारावं, कोणत्या अधिकारात? ग्रामपंचायतीच्या हातात असतात गावचा नळ, गटार, दिवे आणि त्यासाठीची पट्टी. बातमी तिथे शोधायची.

समजा, गाव तीन हजार वस्तीचं आहे. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे दिवसाला 1 लाख 65 हजार लिटर. टाकी लाखाची असेल आणि दिवसातून एकदाच भरत असेल, तर माणशी 33 लिटर पडतात. दिवसाआड भरत असेल तर जेमतेम 17. टाकी किती वेळा भरते हे सरपंच सांगणार नाही, पाणी सोडणारा कर्मचारी सांगतो. कुठल्या वस्तीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा असतो, हेही त्यालाच ठाऊक. ते ऐकलं की भावकीचं राजकारण वेगळं विचारावं लागत नाही.

मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 9 बघावा. त्यात कराची मागणी, वसुली आणि थकबाकी असते. वसुलीच नसेल तर वीजबिल थकतं आणि मोटार बंद पडते. तेव्हा 'विरोधकांनी पाणी अडवलं' या आरोपाची किंमत कळते. सोबत पावती पुस्तकावरच्या तारखाही बघाव्यात. कर थकवणारा अपात्र ठरू शकतो, म्हणून पुढाऱ्यांची वर्षानुवर्षांची बाकी अर्ज भरण्याच्या आठवड्यात अचानक फिटते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत बंधित वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. तो कशावर खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराजवर दिसतं. कागदावर झालेलं गटार जागेवर आहे का, हे मात्र चालत जाऊनच बघावं लागतं.

कार्यालयात वही दाखवली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. 2023 साली निवडणूक 3 ऑक्टोबरला जाहीर झाली आणि मतदान 5 नोव्हेंबरला झालं. म्हणून वार्ताहर मित्रांनो, निवडणूक आयोगाच्या घोषणेची वाट बघू नका, अर्ज आत्ताच टाका.