बॅच नंबर लिहिलेलं पत्र

लातूरमध्ये जूनचा पहिला आठवडा म्हणजे झेरॉक्सवाल्यांचा हंगाम. क्लासेस सुरू होतात, नोट्सचे गठ्ठे निघतात आणि दुकानातले छोटे लेझर प्रिंटर सकाळी आठपासून गरम असतात. अशाच एका दुकानाच्या मालकाने पुण्याच्या पुरवठादाराला पाठवलेलं दीड पानाचं पत्र सध्या बाजारात हातोहात फिरतं आहे. पत्रात शिवी नाही, ‘फसवणूक’ हा शब्द नाही, तरीही ते वाचून पुरवठादाराने चौथ्या दिवशी माणूस पाठवला. कारण ते लिहिण्याआधी मालकाने दोन संध्याकाळी दुकानातच तपास केला होता.

माल २ जूनला आला. लेझर प्रिंटरच्या १२ए कार्ट्रिज, मूळ कंपनीच्या नव्हे तर कंपॅटिबल. बारा-बाराचे दोन बॉक्स, एकूण चोवीस. दर ४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक कार्ट्रिज ५३१ रुपयांना पडली. तीन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. पानांच्या एका कडेला करडा पट्टा, मागच्या बाजूला काळे ठसे, आणि प्रिंटरचं झाकण उघडलं की आत काळ्या भुकटीचा थर.

अशा वेळी बहुतेक दुकानदार फोन उचलतात. पलीकडून ठरलेली उत्तरं येतात: मशीन जुनं असेल, उन्हात ठेवलं असेल, ट्रान्सपोर्टवाल्याने आपटलं असेल. मालकाने फोन केला नाही. त्याने आधी या तिन्ही उत्तरांचाच समाचार घ्यायचं ठरवलं.

पहिला प्रश्न मशीनचा. प्रिंटर कोरड्या कपड्याने पुसून, काही कोरी पानं काढून आत सांडलेली पावडर आधी बाहेर घालवावी लागते, नाहीतर चांगली कार्ट्रिज टाकली तरी पानं काळीच येतात आणि निष्कर्ष चुकतो. (घरचा व्हॅक्यूम क्लीनर इथे उपयोगाचा नाही. टोनरचे कण इतके बारीक की साध्या फिल्टरमधून ते परत हवेत येतात.) सफाई झाल्यावर त्या मशीनमध्ये जुनी, अर्धी वापरलेली कार्ट्रिज बसवली. शंभर पानं स्वच्छ आली. मग गळकी कार्ट्रिज शेजारच्या मशीनमध्ये बसवली, तर गळती तिकडे गेली. मशीनवरचा संशय तिथेच संपला.

दुसरा प्रश्न उन्हाचा. लातूरचा उन्हाळा कोणालाही माहीत आहे, त्यामुळे हा आक्षेप येणारच होता. पण उष्णतेने टोनरच्या गुठळ्या होतात, आणि इथे तर पावडर भुरभुरीत, कोरडी सांडत होती. त्याहून पक्कं उत्तर बॉक्सवर होतं. दोन्ही बॉक्स एकाच कपाटात, एकाच फळीवर ठेवलेले, पण त्यांच्यावरचे बॅच नंबर वेगळे. पहिल्या बॉक्समधल्या सहा कार्ट्रिज उघडल्या होत्या, सहाही गळाल्या. दुसऱ्यातल्या तीन उघडल्या, एकही गळली नाही. ऊन बॅच नंबर वाचून पडत नाही.

तिसरा प्रश्न आदळआपटीचा. मालकाने गळक्या सहाही कार्ट्रिज वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. लेझर कार्ट्रिजमध्ये टोनरची टाकी, तिच्या तोंडाशी पावडर ओढून घेणारा मॅग्नेटिक रोलर, पुढे ड्रम आणि ड्रमवरची उरलेली पावडर खरवडणारं ब्लेड असतं. पावडर कुठून बाहेर येते यावर दोष कुठला हे कळतं. ब्लेड झिजलं किंवा खरवडलेल्या पावडरची टाकी भरली तर पावडर ड्रमच्या बाजूने येते, तीही बरीच पानं निघाल्यावर. आपटलेल्या मालाला वाट्टेल तिथे तडा जातो आणि पुठ्ठाही चेपलेला असतो. इथे पुठ्ठा शाबूत होता आणि सहाही कार्ट्रिज एकाच जागी काळ्या होत्या: मॅग्नेटिक रोलरच्या गिअरकडच्या टोकाला. रोलरच्या दोन्ही टोकांना पावडर अडवण्यासाठी फोमची किंवा फेल्टची पट्टी असते. त्या टोकाची पट्टी नीट बसलेली नाही, असा अंदाज पत्रात आहे. अंदाज म्हणूनच लिहिला आहे, हे विशेष.

शेवटी त्याने शेजारच्या किराणा दुकानातला डिजिटल काटा आणला. नोट्सची तीच फाइल, तीच ३०० पानं, दोन्ही बॅचमधली एकेक नवी कार्ट्रिज. छपाईआधी वजन, छपाईनंतर बाहेरून पुसून पुन्हा वजन. चांगली १५ ग्रॅमने हलकी झाली, गळकी ३८ ग्रॅमने. मधले २३ ग्रॅम मशीनमध्ये सांडले होते. या गळकीसाठी सातवी कार्ट्रिज उघडावी लागली. तीही गळली.

आता पत्र. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ या जुन्या वळणाने ते सुरू होतं आणि लगेच बिल नंबर, माल मिळाल्याची तारीख आणि बॅच नंबर येतो. पुढे वरचा तपास सात ओळींत, सोबत सात फोटो. मग मागणी: ‘या बॅचमधील बाराही नग आम्ही नाकारत आहोत. सात वापरलेले व पाच सीलबंद नग आमच्याकडे राखून ठेवले आहेत, आपला माणूस केव्हाही पाहू शकतो. त्यांच्या रु. ६३७२ ची क्रेडिट नोट द्यावी. दुसऱ्या बॅचबद्दल तक्रार नाही, तिचे रु. ६३७२ आज पाठवत आहोत.’ पुढे दोन मशीनच्या सफाईचं १८०० रुपयांचं बिल.

यातलं दुसऱ्या बॅचच्या पैशांचं वाक्य सगळ्यात हुशारीचं आहे. अर्धे पैसे न मागता पाठवणारा माणूस पैसे बुडवायला निमित्त शोधतोय, असं कोणी म्हणू शकत नाही.

पत्रावर तारीख ११ जून आहे, आणि तिलाही अर्थ आहे. हा पुरवठादार स्वतः कार्ट्रिज बनवणारा नोंदणीकृत लघुउद्योजक. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. मात्र माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजतात. फोनवरची बोलाचाली इथे धरली जात नाही. शिवाय १९३० च्या वस्तुविक्रय कायद्यात, वाजवी वेळ उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं मानलं जातं. माल परत पोचवण्याची जबाबदारी मात्र खरेदीदारावर नसते, नाकारल्याचं कळवणं पुरेसं असतं. म्हणून ‘राखून ठेवले आहेत’.

आलेल्या कारागिराने सीलबंद पाचांपैकी एक दुकानातच उघडली. गिअरकडची फोमची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर आखूड कापलेली निघाली. बाराही नग तो घेऊन गेला, क्रेडिट नोट आठवड्यात आली.

१८०० रुपयांवर मात्र गाडी अडली. ‘मशीनच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असं बिलाखाली छापलेलं आहे, हे पुरवठादाराचं म्हणणं. ते बिल माल आल्यावर हातात पडलं, ऑर्डर देताना असं काही ठरलं नव्हतं, हे मालकाचं. दोघांच्याही बाजूत दम आहे, आणि एवढ्या रकमेसाठी कोर्टात कोणी जात नाही. पुरवठादाराने पुढच्या ऑर्डरमध्ये ९०० वळते करून देण्याची तयारी दाखवली आहे. मालकाने दुसरं पत्र लिहिलं आहे: ९०० मान्य, पण पुढच्या बिलावरून ती छापील ओळ काढावी, आणि प्रत्येक बॉक्समधली एक कार्ट्रिज पाठवण्याआधी ३०० पानं चालवून पाहावी.