विश्लेषण : एका अनुस्वाराने बदलणारा इशारा, चित्रावरील मजकूर वाचण्याआधी वेगळा का करावा लागतो

अतिवृष्टीच्या दिवसांत भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एखाद्या चित्राची कल्पना करावी. मागे पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांची गर्दी आणि ढगाळ आकाश. त्यावर काळ्या कडेच्या पांढऱ्या अक्षरांत ‘किनारपट्टीच्या जिल्ह्यांत उद्या शाळा बंद’ असा मजकूर. संगणकाने त्यातील ‘जिल्ह्यांत’ हा शब्द ‘जिल्ह्यात’ असा वाचला, तर अनेक जिल्ह्यांविषयीचा दावा एकाच जिल्ह्याचा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शब्दकोशाच्या आधारे चूक शोधणाऱ्या प्रणालीलाही संशय येत नाही. अशा दाव्याची पडताळणी मग चुकीच्या वाक्यापासून सुरू होते.

अशी चूक अनेकदा अक्षरे ओळखताना नव्हे, तर त्याआधी ती छायाचित्रापासून वेगळी करताना घडते. ‘फेसबुक’ने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘रोझेटा’ प्रणालीतही काम दोन टप्प्यांत विभागलेले होते : प्रथम चित्रात शब्द कोठे आहेत हे शोधणे आणि नंतर ते वाचणे. दिवसाला एक अब्जाहून अधिक चित्रे व चित्रफितींतील चौकटी या प्रणालीतून जात असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते.

छापील कागदासाठी वेगळेपणाचा प्रश्न जुन्या पद्धतीने सुटतो. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ छटांमध्ये एक सीमारेषा आपोआप ठरते. तिच्या एका बाजूला शाई, दुसऱ्या बाजूला कागद. गर्दीच्या छायाचित्रावर मात्र हा हिशेब कोलमडतो. अक्षरांची छटा २५५, टोप्यांची २२० आणि आकाशाची २०० असेल, तर मधोमध पडणारी सीमारेषा तिन्हींना एकाच बाजूला टाकते. अक्षराला खेटून असलेली टोपी मग त्याचाच भाग असल्यासारखी भासू शकते.

येथे मदतीला येते ती काळी कड. टोपी पांढरी असली, तरी तिच्याभोवती सर्वत्र सारख्या जाडीची काळी रेघ नसते. म्हणून आधी २४० पेक्षा उजळ असे पांढरे ठिपके निवडायचे, एकमेकांना जोडलेल्या ठिपक्यांचे पुंजके करायचे आणि ज्यांना पूर्ण काळे कुंपण आहे, तेवढेच पुंजके ठेवायचे. देवनागरीत शिरोरेषेमुळे जवळजवळ संपूर्ण शब्दच एक लांबट पुंजका म्हणून हाती येतो आणि गर्दी गळून पडते.

अनुस्वार मात्र शिरोरेषेपासून सुटा असतो. चाळीस ठिपके उंचीच्या अक्षरावर त्याची रुंदी जेमतेम सहा ठिपके भरते. चित्रातील कचरा काढण्यासाठी लहान पुंजके सरसकट पुसले, तर अनुस्वारही त्यांच्यासोबत जातो. पुढे पाठवताना चित्र निम्म्या आकाराचे झाले, तर तो तीन ठिपक्यांवर येतो. जेपीईजी संक्षेपण चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून तपशील कमी करते; त्यात पांढरा अनुस्वार आणि त्याची काळी कड एकमेकांत मिसळून करडी होतात. २४० च्या कसोटीला तो मग उतरत नाही.

यावर उपाय दुहेरी सीमारेषेचा आहे. कठोर सीमेने शब्द शोधायचे आणि त्यानंतर केवळ शिरोरेषेच्या वरच्या अरुंद पट्ट्यात ती सैल करून, समजा १७० वर आणून, सुटे ठिपके पुन्हा शोधायचे. संपूर्ण चित्रात सीमा सैल केली, तर गर्दी परत येते. पट्ट्यापुरती केली, तर बहुधा अनुस्वारच परततो. वेगळा केलेला मजकूर रंगीत थर म्हणून मूळ चित्रावर ठेवला, की खात्री करता येते. शिरोरेषेवर रंग न चढलेला उजळ ठिपका दिसला, तर काहीतरी निसटले आहे.

या उपायाला मर्यादाही आहे. वारंवार पुढे पाठवल्याने ठिपका पूर्णपणे विरला असेल, तर चित्र मोठे करून तो परत मिळत नाही. त्याच चित्राची आधीची, मोठ्या आकाराची प्रत शोधावी लागते. ती न मिळाल्यास एकवचन की अनेकवचन याचा निर्णय यंत्रावर न सोडता दोन्ही वाचने नोंदवणे अधिक सुरक्षित ठरते.

अक्षरे वेगळी केल्यावर छायाचित्र टाकूनही देता येत नाही. ‘फेसबुक’ने २०२० मध्ये द्वेषपूर्ण मीम ओळखण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा तिचा गाभा हाच होता : वाक्य निरुपद्रवी आणि चित्रही निरुपद्रवी, पण एकत्र आल्यावर अर्थ विखारी. त्यामुळे वेगळा केलेला थर वाचनापुरता वापरून, अर्थ लावताना मूळ चित्राकडे परतावेच लागते.