नाव बदलून पाहा

आमच्या पेडण्याच्या ऑफिसातल्या ताईंना बढती मिळाली. कनिष्ठ लिपिकाच्या वरिष्ठ लिपिक झाल्या आणि बदली डिचोलीला. ग्रुपवर दिवसभर 'हार्दिक अभिनंदन' आणि फुलांचे गुच्छ. म्हटलं, आपण हाताने पत्र लिहूया. तर पहिलंच वाक्य आलं, 'आपली पदोन्नती झाल्याचे समजून अत्यानंद झाला. आपल्या परिश्रमांचे हे फळ आहे.'

शाळेत पत्रलेखनाला हेच लिहून गुण मिळवले होते. मग गंमत म्हणून ताईंचं नाव खोडून आमच्या ड्रायव्हरचं घातलं. पत्र तस्संच बसलं! म्हणजे ते ताईंना लिहिलेलं नव्हतंच.

चूक कुठे होती? 'परिश्रम' हा निष्कर्ष झाला. मी काय पाहिलं होतं, ते पत्रात कुठेच नव्हतं. आणि ते 'आपण'! चार वर्षं मी त्यांना 'तुम्ही' म्हणत आलो. बढतीच्या दिवशी 'आपण' म्हटलं की आदर वाढत नाही, मधे टेबल येतं.

दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

'प्रिय ताई,
तुम्ही वरिष्ठ लिपिक झालात, खूप बरं वाटलं. मला तो पावसातला दिवस आठवला. एक म्हातारी एक-चौदाचा उतारा घेऊन आली होती. आपलं नाव त्यात आहे का, एवढंच तिला हवं होतं. जेवणाची सुट्टी झाली होती. तुम्ही डबा बाजूला ठेवलात, तिचं बोट धरून नावावर ठेवलंत आणि ओळ वाचून दाखवलीत. त्यानंतर मी कुणाला नुसता कागद हातात दिला नाही. आता रोज म्हापशाला बस बदलावी लागेल, त्याचं वाईट वाटतं. पण डिचोलीच्या खिडकीवर तुम्ही असाल, हे चांगलं झालं.
तुमचा, शेजारच्या टेबलावरचा.'

आता यात ड्रायव्हरचं नाव घालून बघा. बसत नाही.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या. 'ही जागा तुम्हालाच मिळायला हवी होती' असं लिहिणार होतो. पण ज्यांना मिळाली नाही तेही याच ऑफिसात आहेत, आणि अभिनंदनाचं पत्र टेबलावर उघडं पडतंच. माझी एक नोंदवहीतली चूक त्यांनी निस्तरली होती. तीही लिहिली नाही, कारण मग पत्र माझ्याबद्दल झालं असतं. 'आता आमच्याकडेही लक्ष असू द्या' हे तर नकोच. गमतीने म्हटलं तरी तो अर्जच होतो.

कुणी म्हणेल, ज्याची फारशी ओळख नाही त्याला काय लिहायचं? माझं मत, मग दोनच ओळी लिहाव्यात: कुठलं पद मिळालं ते नीट नाव घेऊन, आणि बरं वाटलं एवढं. नसलेली जवळीक विशेषणांनी भरून येत नाही.

ताईंनी पत्र वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, "त्या म्हातारीचं मी विसरलेच होते रे."