दोन अर्थांमधला सांधा

गूढ शब्दकोडे सोडवणाऱ्यांची एक सवय गेल्या आठवड्यातील पत्रांतून पुन्हा दिसून आली, आणि ती या सदराला फार दिवस खटकत आहे. लांबलचक संकेत समोर आला की मंडळी उत्साहाने अक्षरांची उलटापालट करू लागतात, पण दोनच शब्दांचा संकेत दिसला की ‘यात धरायला काहीच नाही’ असे म्हणून तो शेवटी ठेवतात. वस्तुतः असा तोकडा संकेत बहुधा सर्वांत आधी सोडवता येण्याजोगा असतो, कारण ज्याला दुहेरी व्याख्या म्हणतात तो प्रकार तिथेच दडलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

गूढ शब्दकोडे हा मूळचा ब्रिटिश प्रकार होय. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉवीस मॅथर्स यांनी तो रुजवला आणि १९३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ‘झिमेनिझ’ म्हणजे डेरिक मॅकनट यांनी त्याला नियमांची शिस्त लावली; भारतात ‘द हिंदू’च्या वाचकांना तो चांगला परिचित आहे. या शिस्तीनुसार प्रत्येक संकेतात उत्तराची एक नेमकी व्याख्या असते, त्याच उत्तराकडे नेणारी दुसरी वाट असते, आणि त्यापलीकडे काहीही नसते. ही दुसरी वाट बहुतेक वेळा अक्षरांच्या खेळाची असते. दुहेरी व्याख्येत मात्र तिच्या जागी उत्तराचा दुसराच अर्थ येतो, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन व्याख्या एकाच शब्दाकडे बोट दाखवतात.

अडचण अशी की त्या शेजारी ठेवल्या आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. ‘लिटल टाइम (६)’ हा संकेत घ्यावा. वाचणाऱ्याचे मन ‘थोडा वेळ’ असा एकसंध अर्थ लावून मोकळे होते, आणि सहा अक्षरी ‘मोमेंट’ किंवा ‘सेकंड’ तत्काळ सुचते. ही दोन्ही उत्तरे अर्थाने बसतात, परंतु दोन्हींमध्ये संपूर्ण संकेत एकच सरळ व्याख्या ठरतो आणि दुसरी वाट उरतच नाही; गूढ कोड्यात ही त्रुटीच संशयाला पुरेशी आहे. आता दोन शब्दांमधला सांधा उकलून पाहावा. ‘लिटल’ म्हणजे चिमुकला, त्यासाठी ‘मायन्यूट’. ‘टाइम’ म्हणजे काळाचे एक माप, त्यासाठी ‘मिनिट’. आणि इंग्रजीत या दोन्हींची अक्षरे तीच, एम-आय-एन-यू-टी-ई. उच्चार वेगळा असल्यामुळे कान या जुळणीला मदत करत नाहीत, म्हणून अशा ठिकाणी शब्द मनात उच्चारण्यापेक्षा कागदावर लिहून पाहणे हिताचे. खात्री छेदणाऱ्या शब्दांकडून मिळते: तिसऱ्या घरात एन आला तर ‘मिनिट’ टिकते, एम आला तर ‘मोमेंट’चा आणि सी आला तर ‘सेकंड’चा पुनर्विचार करावा लागतो.

सांधा लपवण्याची रचनाकाराची मुख्य युक्ती व्याकरणाची असते. ‘गेम इन्सेक्ट (७)’ यात ‘गेम’ हे कीटकाचे विशेषण भासते, कारण इंग्रजीत त्या शब्दाला ‘धीट’ असाही अर्थ आहे. ते नाम म्हणून सुटे केले की खेळ आणि रातकिडा या दोन्हींचे नाव ‘क्रिकेट’ असल्याचे ध्यानात येते. म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उच्चारून त्याची शब्दजात नाम, विशेषण की क्रियापद हे ठरवावे आणि उत्तर त्या त्या जातीत तंतोतंत बसते का हे तपासावे. एक तुकडा चपखल आणि दुसरा ‘साधारण तसाच’ असेल तर उत्तर चुकले असे समजायला हरकत नाही. दुसरी युक्ती मोठ्या अक्षराची. ‘शाइन फ्रॉम वॉर्सा (६)’ याचे उत्तर ‘पॉलिश’, म्हणजे चकाकी, आणि तेच शब्दरूप मोठ्या ‘पी’ने ‘पोलिश’, म्हणजे वॉर्साचा. चौकटीत सगळीच अक्षरे मोठी असल्यामुळे हा भेद तिथे पुसला जातो.

अर्थात तोकडा संकेत म्हणजे दुहेरी व्याख्याच, असा नियम नाही. ‘स्ट्रेंज लेमन फ्रूट (५)’ यात तीनच शब्द आहेत, पण मधल्या शब्दाची अक्षरे पाच आणि उत्तराचीही पाच. अक्षरसंख्या अशी जुळली आणि शेजारी ‘विचित्र’ अशा अर्थाचा शब्द असला की मागे या सदरात चर्चिलेला अक्षरबदल ओळखावा, आणि ‘लेमन’मधून ‘मेलन’ काढावे.

रचनाकारांविषयीही एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. ‘हेड’ या उत्तरासाठी ‘शिर’ आणि ‘शाळेचा प्रमुख’ अशा दोन व्याख्या देणे ही दुहेरी व्याख्या नव्हे, कारण दुसरा अर्थ पहिल्याचाच लाक्षणिक विस्तार आहे. याउलट ‘बार्क’ म्हणजे झाडाची साल आणि ‘बार्क’ म्हणजे कुत्र्याचे भुंकणे हे भिन्न मुळांतून आलेले दोन शब्द असून कोशात त्यांच्या नोंदीही स्वतंत्र असतात. कोशातील ही स्वतंत्र नोंद हीच चांगल्या दुहेरी व्याख्येची साधी कसोटी मानावी.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या अलंकारशास्त्राने शब्द न तोडता दोन अर्थ देणाऱ्या अभंग श्लेषाला आणि शब्द तोडून अर्थ देणाऱ्या सभंग श्लेषाला फार पूर्वीच वेगळे ओळखले आहे, आणि दुहेरी व्याख्या ही पहिल्याच्या जवळची आहे. उच्चारभेदाची गंमतही मराठीत अशक्य नाही: विश्व या अर्थाचे ‘जग’ आणि पाण्याचे भांडे या अर्थाचे ‘जग’ यांतील ज वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारला जातो, पण लिहिला सारखाच जातो. खरा अडसर विभक्तीचा आहे. ‘मित्र’ या उत्तरासाठी ‘सूर्याचा सखा’ असे लिहिले तर ‘सूर्याचा’ हे रूप ‘मित्र’ची व्याख्या म्हणून उभे राहू शकत नाही; ‘सखा सूर्य (२)’ असे लिहिले तर दोन्ही शब्द मूळ रूपात राहतात आणि सांधाही झाकला जातो. सोडवणाऱ्याने इथे दोन याद्या कराव्यात: सख्यासाठी दोस्त, गडी, मित्र, सूर्यासाठी रवी, भानू, अर्क, मित्र. दोन्हींत सामाईक असलेला शब्द एकच आहे. शिवाय मराठी चौकटीत एका घरात पूर्ण अक्षर मात्रेसह आणि जोडाक्षरासह बसते, त्यामुळे ‘मित्र’मधील ‘त्र’ला ‘पत्रकार’ छेदू शकतो पण ‘पत्रावळ’ छेदू शकत नाही. यामुळे रचनाकाराचे काम कठीण होते खरे, पण सोडवणाऱ्याला ते एकच घर आधी सापडले तर रवी, भानू आणि अर्क तिन्ही एकदम बाद होतात.