पूर ओसरल्यावर रजा कशी मागायची?

2021 सालची बकरी ईद 21 जुलैला, बुधवारी होती. त्याच रात्री पावसाने जोर धरला आणि गुरुवारी 22 जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि मोहल्ल्यांत शिरले. जगबुडीने खेड शहरात तेच केले. लोटेची रासायनिक औद्योगिक वसाहत या दोन शहरांच्या मध्ये, उंचावर आहे. खाली दोन्हीकडे पूर होता आणि वर कारखान्यांत पाळ्या चालवायच्या होत्या. लोटे, घाणेखुंट, गुणदे, आवाशी भागातल्या तरुणांपुढे तेव्हा जो प्रश्न होता, तो पुढच्या पुरातही येणार आहे: मदतीला जायचे आहे, पण उद्या पाळी आहे. साहेबांना काय सांगायचे?

आपल्याकडे याची दोनच उत्तरे दिली जातात. काही जण न सांगता जातात, आणि नंतर गैरहजेरी, कापलेला पगार आणि मेमो पदरात पडतो. काही जण तोंडी विचारतात, "सध्या माणसे नाहीत" हे ऐकतात आणि गप्प बसतात. माझे म्हणणे असे की या दोन्हींच्या मध्ये एक नीट वाट आहे. ती वाट नेमका दिवस, नेमका बदली माणूस आणि नेमकी मागणी लिहून देण्याची आहे.

आधी दिवसाचे बघू. पाणी चढत असताना लागतात ते होडी चालवणारे आणि पाण्यात उतरण्याचे शिक्षण घेतलेले लोक. त्या वेळी आपण उत्साहाने गेलो तर वाचवायच्या माणसांत आपलीच भर पडते. शिवाय 2021 मध्ये लोट्याहून चिपळूणला जाणारा रस्ताच तुटला होता, कारण महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचा भाग खचला होता. आपले हात खरे लागतात ते पाणी ओसरल्यावर. घराघरांत गुडघाभर चिखल असतो. तो ओला असताना फावड्याने निघतो. वाळला की कुदळ मारावी लागते. भिजलेले धान्य आणि गाद्या बाहेर काढायच्या असतात, विहिरी उपसायच्या असतात, म्हाताऱ्या माणसांपर्यंत पिण्याचे पाणी पोहोचवायचे असते. म्हणून रजा मागायची ती पुराच्या दिवसाची नव्हे, तर तिसऱ्या दिवसापासून साधारण दहाव्या दिवसापर्यंतची. याचा फायदा असा की अर्ज द्यायला एखादा दिवस हाताशी राहतो आणि कारखान्यालाही पाळ्या लावायला वेळ मिळतो.

आता कायद्याचे. 2021 मध्ये कारखान्यांना लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 प्रमाणे वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. 280 दिवस भरले असतील तर 14 दिवस. पण ती वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा तुकडे करून घेता येत नाही आणि अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. ही मुदत फक्त आजारपणाला माफ आहे. आता या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली आहे, तेव्हा आपल्याकडे सध्या कोणता नियम चालतो ते एचआरकडे विचारून घ्यावे. मूळ अडचण मात्र कायम आहे: रजा आधी ठरवून घ्यायची असते आणि पूर ठरवून येत नाही. त्यामुळे अशा वेळी रजा हा आपला हक्क म्हणून मागता येत नाही. ती व्यवस्थापनाच्या संमतीने मिळते, आणि संमती मिळवायची तर व्यवस्थापनाची अडचण आपणच सोडवून दाखवावी लागते.

ती अडचण काय असते? रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरमध्ये बॅच चालू असते आणि पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर आधीच्या पाळीच्या माणसाला थांबावे लागते. पुराच्या दिवशी खेड-चिपळूणचे निम्मे लोक पोहोचू शकत नाहीत, म्हणजे आतले आधीच दोन-दोन पाळ्या करून थकलेले असतात. अशा वेळी "मला सोडा" एवढेच म्हटले तर नकार येणारच. बॉयलरवर तर प्रमाणपत्र असलेलाच माणूस लागतो. तिथे कोणालाही उभे करता येत नाही. म्हणून अर्जात बदली माणसाचे नाव हवे, तो त्याच प्लांटचे काम जाणणारा हवा आणि त्याची सही हवी.

समजा 2021 चाच पूर आहे आणि एका प्लांटमधल्या ऑपरेटरला जायचे आहे. त्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी, 25 जुलैला आहे. त्याने शुक्रवारी 23 तारखेला असा अर्ज द्यावा:

"मा. व्यवस्थापक साहेब, चिपळूण येथे पूरग्रस्त घरांतील चिखल काढण्याच्या कामासाठी मला सोमवार 26 आणि मंगळवार 27 जुलै असे दोन दिवस माझ्या शिल्लक भरपगारी रजेतून मिळावेत. रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी आहे. दोन्ही दिवशी माझी पहिली पाळी माझे सहकारी करतील. ते याच प्लांटवर काम करतात, त्यांची सही खाली आहे. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीनंतरच्या दोन पाळ्या मी करीन. बुधवारी 28 जुलैला मी पहिल्या पाळीला हजर राहीन. प्लांटमध्ये आणीबाणी उद्भवल्यास मला खालील नंबरवर बोलवावे. 15 दिवसांची मुदत पाळणे शक्य नसल्याने विशेष बाब म्हणून विचार व्हावा."

यात दोन दिवसांच्या रजेत तीन दिवसांचे काम होते. परत येण्याची तारीख आणि पाळी लिहिलेली आहे. मंजूर करणाऱ्याला सर्वांत जास्त तेच हवे असते. बदली माणसाला सलग दोन पाळ्या लागणार नाहीत हेही पाहावे, नाहीतर सुपरवायझर तिथेच अर्ज परत करील. दोन प्रती द्याव्यात आणि एकीवर पोच घ्यावी.

एकाच प्लांटच्या दहा जणांनी एकदम अर्ज दिले तर दहाही फेटाळले जातात. त्याऐवजी यादी करून दोघादोघांनी तीन-तीन दिवस जावे. पाच जोड्यांत पंधरा दिवस भरतात, कारखाना चालू राहतो आणि गावातले कामही तिसऱ्या दिवशी बंद पडत नाही. बाहेरची मदत बहुतेक पहिल्या आठवड्यात येते आणि जाते. दुसऱ्या आठवड्यात येणारी माणसे घरवाल्यांना जास्त लक्षात राहतात.

आपले बरेच तरुण कंत्राटी आहेत. त्यांचा अर्ज कंपनीकडे नव्हे, कंत्राटदाराकडे जातो आणि बहुतेकांना न भरलेल्या दिवसाचा पैसा मिळत नाही. त्यांनी रजा मागण्यापेक्षा पाळी बदलून मागावी. रात्रपाळी करून सकाळी थेट चिखलात उतरू नये. झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी प्लांटवर धोका असतो. साप्ताहिक सुट्टी आणि तिच्या आदल्या दिवशीची पहिली पाळी एवढे जुळवले तरी दीड दिवस मिळतो.

आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी. आपण रजेवर जातो आहोत की कंपनीने आपल्याला कामावर समजून पाठवले आहे? कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीला भरपाई असते. रजेवर असताना पाय कापला तर ती मिळेल असे धरून चालू नये. कंपनी आपल्या बसने, आपल्या नावाचा फलक लावून पथक पाठवत असेल तर ती हजेरी आहे असे लेखी मागावे. आणि कसेही गेलो तरी गमबूट, हातमोजे हवेतच. कोकणात पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जाण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. परतल्यावर ताप आला तर "चिखलात काम केले आहे" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

आता कंपनीच्या मदतीचे. हा अर्ज वेगळा लिहावा, रजेच्या अर्जात मिसळू नये. रजा व्यवस्थापक मंजूर करतो. सीएसआरचा निर्णय बहुतेक मुख्य कार्यालयात होतो. दोन्ही एकाच कागदावर असले की रजेचा कागदही मुंबईला जाऊन अडकतो. कंपनी कायदा, 2013 च्या अनुसूची 7 मध्ये आपत्ती निवारण, मदत आणि पुनर्वसन हे सीएसआरचे काम म्हणून नोंदलेले आहे. मात्र 1 एप्रिल 2021 पासून कंपनीला हा पैसा संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते. मोहल्ला कमिटीकडे ती सहसा नसते. म्हणून पैसे मागू नयेत, वस्तू आणि यंत्रे मागावीत. कंपनी ती स्वतः विकत घेऊन किंवा वापरायला देऊ शकते. चिखल उपसायचा पंप, जनरेटर, फावडी, घमेली, गमबूट, पिण्याच्या पाण्याचा टँकर, माणसे नेणारी बस. प्रत्येकापुढे संख्या आणि किती दिवसांसाठी ते लिहावे. सोबत वस्ती, घरांची संख्या आणि काय लागणार याची यादी जोडावी. ती यादी वस्तीतल्या सगळ्या घरांची असावी. आपल्या जमातीच्या घरांचीच नावे दिसली तर सीएसआरवाला ती बाजूला ठेवील, आणि त्याचे चुकणार नाही.

लोट्यात एक धोका खास आपला आहे. कारखान्यांतली रिकामी निळी पिंपे पाणी भरायला सहज मिळतात. ज्यात रसायन होते ते पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. तोच नियम प्रोसेसच्या टँकरलाही. कंपनीने प्रेमाने दिले तरी हात जोडून परत करावे आणि नवीन टाक्या मागाव्यात.

त्याच जुलैमध्ये, चिपळूणच्या आठवडाभर आधी, जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात मोठा पूर आला. तिथे टीएचडब्ल्यू नावाची सरकारी आपत्ती-यंत्रणा बहुतांशी स्वयंसेवकांवर चालते. ते एरवी कारखान्यांत, दुकानांत नोकरी करतात. बोलावणे आले की मालकाने त्यांना सोडायचे, पगार चालू ठेवायचा, आणि खासगी मालकाला तो सरकारकडून परत मिळतो, असा तिथला कायदाच आहे. आपल्याकडे तसा कायदा खासगी कामगारांसाठी नाही. पण एका कारखान्यापुरता तसा करार व्हायला कायदा आडवा येत नाही.

म्हणून हे काम पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात करावे. युनियन असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर दहा-बारा कामगारांच्या सहीने व्यवस्थापनाला एक पान द्यावे: पूर आल्यास प्रत्येक प्लांटमधून एका वेळी दोघांना जास्तीत जास्त तीन दिवस सोडावे, 15 दिवसांची मुदत माफ असावी, बदली माणसांची यादी आधीच लावलेली असावी, आणि पंप व गमबूट कुठल्या गोदामात आहेत ते कळवावे. व्यवस्थापक "बघू" म्हणाले तरी कागदाची पोच घ्यावी. जुलैत रात्री नदीची पातळी वाढू लागली की त्याच कागदाचा क्रमांक टाकून अर्ज लिहायला पाच मिनिटे लागतील.