शेवट आधीच ठाऊक असेल तर

प्रणयप्रधान विनोदी चित्रपट निवडताना बहुतेक जण कलावंतांची नावे पाहतात. त्याऐवजी नायक-नायिकेच्या मध्ये अडसर कोणता आहे, ते पाहावे. एका दूरध्वनीने मिटेल असा गैरसमजच अडसर असेल, तर कंटाळलेल्या प्रेक्षकाला मध्यंतराआधीच शेवट कळतो. मग विमानतळावरची धावपळ तेवढी उरते.

पी. जे. होगन दिग्दर्शित 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग' (१९९७) येथे वेगळा ठरतो. जुन्या मित्राचे लग्न ठरल्याचे कळताच नायिकेला (ज्युलिया रॉबर्ट्स) स्वतःचे मन उमगते. लग्नाला दिवस उरतात चार. ते मोडण्याच्या इराद्याने ती शिकागोला पोहोचते. नेहमीच्या साच्यात नियोजित वधू गर्विष्ठ असते, म्हणजे तिला दूर सारताना प्रेक्षकाला टोचणी लागत नाही. येथील किमी (कॅमेरॉन डायझ) मात्र निर्मळ आहे. तिला गाता येत नाही हे हेरून नायिका तिला चारचौघांत गायला लावते. किमी बेसूर गाते खरी. पण तिचे धैर्य पाहून नायक अधिकच भाळतो. अडसर नायिकेच्याच स्वभावात आहे, म्हणून पुढचा प्रसंग हेरता येत नाही.

मूळ शेवटी नायिकेला एक नवा तरुण भेटत असे. चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित झाला. तो कसा आहे, हे येथे सांगणे अन्यायाचे होईल. काही विनोद मात्र मोकळे आहेत. लहान मुलांसमवेत पाहू नये.