"आम्ही" नावाचा खोटा निवेदक

दोघांनी लिहिलेला मजकूर "एकजीव" करणं म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे एक भलतीच समजूत आहे. एकाने "असे, केले, परंतु" लिहिलंय, दुसऱ्याने "असं, केलं, पण". मग सगळीकडे अनुस्वार द्यायचे, "परंतु"चं "पण" करायचं आणि "मी"च्या जागी "आम्ही" घालायचं. झालं एकजीव! माझ्या मते ही चक्क फसवणूक आहे. याने शब्द सारखे होतात, सांगणारा माणूस एक होत नाही. उलट कधीच अस्तित्वात नसलेला तिसराच कोणीतरी बोलायला लागतो.

उदाहरणच देतो. ओळखीतल्या एका बहीणभावाने आपल्या शेतातल्या विहिरीची आठवण वेगवेगळी लिहिली होती. भाऊ लिहितो, "१९७२ च्या दुष्काळात वडिलांनी सदर विहीर खोल करण्याचे ठरविले. मी प्रत्यक्ष आत उतरलो व पायास गार लागताच वर हाक दिली." बहीण लिहिते, "अण्णांनी विहीर खणायला घेतली तेव्हा मी सहा वर्षांची. काठावर बसायचं आणि वर येणाऱ्या पाट्या मोजायच्या, एवढंच माझं काम."

आता यावर कोणीतरी हात फिरवून ठेवला होता: "अण्णांनी विहीर खोल करायला घेतली. आम्ही काठावर बसून पाट्या मोजायचो. मग आम्ही आत उतरलो, आणि पायाला गार लागलं."

वाचायला छान आहे. फक्त सहा वर्षांची पोर विहिरीत उतरली आणि सोळा वर्षांचा भाऊ पाट्या मोजत बसला!

निवेदकाचा आवाज म्हणजे नुसती शब्दांची निवड नव्हे. तो कुठे उभा होता, त्याला तिथून काय दिसलं आणि कोणाला तो काय म्हणून हाक मारतो, यातून आवाज बनतो. म्हणून आधी एकच निवेदक ठरवावा लागतो. इथे बहीण घेतली, कारण काठावरून तिला खालची हाकही ऐकू येत होती आणि वर उभे असलेले अण्णाही दिसत होते. त्याबरोबर "वडील" सगळीकडे "अण्णा" झाले आणि भावाचा "मी" हा "दादा" झाला. पण काम तिथे संपत नाही. "पायास गार लागले" हे तिला कसं कळणार? भावाच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहायला लागलं: हे तिने पाहिलं, ऐकलं, की तिला नंतर कळलं? जिथे उत्तर सापडेना, तिथे तिलाच विचारलं: हाक आली तेव्हा तू काय बघत होतीस? मग दोन्ही कागद मिटून नव्याने लिहिलं:

"दादा आत होता. मी पाट्या मोजत होते आणि खालून त्याची हाक आली. आधी पायाला गार लागलं, असं तो अजून सांगतो. मला दिसलं ते एवढंच, की अण्णा मटकन खाली बसले."

कागद मिटणं महत्त्वाचं. समोर उघडे असले की वाक्यं उचलली जातात, आणि लकबी लपत नाहीत. १७८७-८८ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी "पब्लियस" या एकाच नावाने ८५ लेख लिहिले. त्यातल्या १२ लेखांचा कर्ता हॅमिल्टन की मॅडिसन, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली कौल दिला तो मॅडिसनच्या बाजूने, आणि तो "अपॉन"सारखे बारीकसारीक शब्द मोजून! हॅमिल्टन तो शब्द सर्रास वापरी, मॅडिसन क्वचितच. आपल्याकडे "व" आणि "आणि" मोजून पाहा. एका पानावर "व" दाटीने आले आणि पुढच्यावर एकही नाही, तर हात बदललाय हे नक्की.

"पण हा भावावर अन्याय नाही का?" असं कोणी म्हणेल. "आम्ही"मध्ये त्याला विरघळवून टाकणं हा जास्त मोठा अन्याय आहे. "दादा सांगतो" म्हटलं की त्याची साक्ष त्याच्याच नावावर राहते.

आणि जिथे दोघांचं पटतच नाही, तिथे एकजीव करूच नये. भाऊ म्हणतो, खर्चासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. बहिणीला त्या पाटल्या नंतरही आईच्या हातात आठवतात. "पैशांची कशीबशी सोय झाली" असं गुळगुळीत वाक्य इथे सहज बसलं असतं. मी ते बसवलं नाही. "दादा म्हणतो पाटल्या मोडल्या. मला त्या नंतरही आईच्या हातात आठवतात." एवढंच ठेवलं. आवाज एक हवा, आठवण एक असलीच पाहिजे असं थोडंच आहे?